आज सायंकाळी साडेपाचला बसायचं आहे – केळीबागांबाबत

नमस्कार आप्पा,

आज सायंकाळी साडेपाचला गटातल्या नदीकाठच्या सगळ्या शेतकऱ्यांना सोसायटीच्या हॉलमध्ये बोलवावं, अशी विनंती आहे. तास पुरे होईल. तुम्ही हो म्हणालात की मी एकेकाला फोन लावतो.

सकाळी कृषी सहायक मॅडमसोबत शिवारफेरी केली. तीन मृगबागांत काही झाडांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले, कडा वळल्या आहेत, पोंगा आखडलाय. मॅडमना हरण्याचा, म्हणजे सीएमव्हीचा, दाट संशय आहे. नमुने जळगावच्या केळी संशोधन केंद्राकडे रवाना केले. खात्री व्हायला वेळ लागेल, पण काळजी आजपासूनच घ्यायची, असं त्या म्हणाल्या.

घाबरण्यासारखं आत्ता काही नाही. झाडं मोजकी आहेत आणि बाकी बाग हिरवीगार आहे. संपूर्ण बाग उपटायचा विषयच नाही. कापणीला आलेल्या जुन्या बागांत मला काही दिसलं नाही, त्यामुळे सावद्याला जाणारा माल थांबवायची गरज नाही.

मग आजच का? हा रोग मावा पसरवतो आणि हे ढगाळ, दमट दिवस माव्याला मानवतात. रोगी झाड फवारणी न करता उपटून बांधावर टाकलं, तर त्याच्यावरचा मावा उठून शेजारच्या बागेत जातो. म्हणून आधी फवारणी, मग झाड मुळासकट काढून खोल पुरायचं, आणि हे शेजारीपाजारी सगळ्यांनी एकाच वेळी करायचं. एकट्यादुकट्यानं केलेल्या कामाचा उपयोग होणार नाही. उद्या सकाळी सुरुवात करायची तर मजुरांना आज रात्रीच सांगावं लागेल.

दुसरं, नांग्या भरायला मागवलेल्या रोपांची गाडी उद्या पहाटे निघणार आहे. ती आठ-दहा दिवस पुढे ढकलावी असं माझं मत आहे, पण पैसे सगळ्यांचे आहेत, मी एकट्यानं नर्सरीवाल्याला नाही म्हणणार नाही. बांधावरचं तण आणि बागेत लावलेली काकडी, चवळी यांचंही ठरवावं लागेल. त्यांच्यावर हा रोग टिकून राहतो. काकडीवर दोन पैसे मिळतात म्हणून ती काढायला काहींचा जीव होणार नाही, तेव्हा तिथे तुमचा शब्द लागेल.

ग्रुपवर मी अजून काही टाकलेलं नाही. अर्धवट बातमीनं कुणी रातोरात झाडं उपटायला लागेल, ही धास्ती आहे. ज्यांच्या बागा आहेत त्या तिघांशी मात्र समक्ष बोललो आहे. त्यांनी कशाला हात लावलेला नाही आणि ते आज येणार आहेत. मॅडमही येतील, औषध आणि प्रमाण त्याच सांगतील.

तुम्ही फैजपूरहून पाचपर्यंत परतणार असाल तर साडेपाच नक्की करतो. उशीर होणार असेल तर रात्री आठला तुमच्या ओट्यावर बसू. दुपारी दोनपर्यंत फोन करा, म्हणजे मळ्यात गेलेल्यांनाही निरोप पोचेल.

आपला,
गटाचा सचिव