विषय: ७ जुलै २०२५ पासून माझी दीर्घ रजा – अकाउंट्स आणि पगाराची बाकी कामे

प्रति: स्नेहल
प्रत: सर, जाधव काका (स्टोअर्स)
दिनांक: ३ जुलै २०२५

प्रिय स्नेहल,

सोमवार, ७ जुलैपासून मी बाळंतपणाच्या रजेवर जात आहे. रजा २६ आठवड्यांची आहे, म्हणजे मी सोमवार, ५ जानेवारी २०२६ रोजी परत रुजू होईन. या काळात अकाउंट्स आणि पगार ही दोन्ही कामे तुझ्याकडे राहतील, हे सरांनी मंगळवारी सर्वांना सांगितले आहे.

खाली जिथे ‘केले आहे’ असे लिहिले आहे, ते काम पूर्ण आहे. त्यात पुन्हा हात घालू नकोस. जिथे ‘करायचे आहे’ असे लिहिले आहे, तिथे कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचे, तेही दिले आहे. काल आपण दोघींनी कच्चा मजकूर एकत्र वाचला तेव्हा तुला जी वाक्ये दोन अर्थांची वाटली, ती सर्व बदलली आहेत.

या आठवड्यातली कामे

जूनचा पगार: हजेरी आणि ओव्हरटाइम तपासून पगारपत्रक पूर्ण केले आहे, सरांनी त्यावर सही केली आहे. बँकेत अपलोड करायची फाइल `PAGAR_JUNE_2025_FINAL.xlsx` या नावाने सामाईक फोल्डरमध्ये ठेवली आहे. शनिवारी, ५ तारखेला, दुपारी १२ च्या आत आपण दोघी मिळून ती अपलोड करू आणि सर लगेच मंजुरी देतील. पगार ७ तारखेच्या आत खात्यात जमा झालाच पाहिजे, हा कायदा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी शॉपवरच्या बहुतेकांचे घरभाडे आणि कर्जाचे हप्ते याच आठवड्यात असतात. पुढच्या प्रत्येक महिन्यात फाइल ४ तारखेला तयार ठेव, म्हणजे बँकेने एखादी ओळ परत पाठवली तरी दुरुस्तीला वेळ उरेल. ओळ परत येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे शाखा बदलल्यावर जुनाच आयएफएससी कोड राहिलेला असतो.

टीडीएस: जूनचे चलान आज भरले आहे. पावती फाइलला लावली आहे.

खोकेवाल्या ताईंचे बिल: सातपूरच्या युनिटचे हे बिल २८ मे रोजी आपण माल स्वीकारला तेव्हाचे आहे. त्यांच्याशी ४५ दिवसांचा लेखी करार आहे, त्यामुळे मुदत १२ जुलैला संपते. तो दुसरा शनिवार आहे, बँक बंद असेल, आणि ताई चेकच घेतात. म्हणून चेक बुधवारी, ९ तारखेला लिहून सरांची सही घ्यायची आहे आणि गुरुवारी त्यांच्या हातात द्यायचा आहे. त्यांची उद्यम नोंदणी सूक्ष्म उद्योगाची आहे. अशा पुरवठादारांचे पैसे मुदतीनंतर दिले, तर तो खर्च आपल्याला प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच वजा मिळतो. मुदतीत देण्याचे त्याहून मोठे कारण हे की ताईंकडे चार बायका कामाला आहेत आणि त्यांचा पगार आपल्या चेकवर अवलंबून असतो. असे एकूण अकरा पुरवठादार आहेत. त्यांची यादी मुदतीच्या तारखांसह `MSME_DENI.xlsx` मध्ये आहे. दर सोमवारी सकाळी सर्वांत आधी ती उघडायची.

प्लेटिंगला गेलेले ३० नग

या यादीतले हे सर्वांत नाजूक काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१९ ऑगस्ट २०२४ रोजी आपण एका प्लेटिंगवाल्याकडे ४०० ब्रॅकेट जॉबवर्क चलानवर पाठवले. आजवर ३७० परत आले आहेत. १४ फेब्रुवारीला त्यांच्या चलानवर १२० नग लिहिले होते, पण गेटवर मोजले तेव्हा ९० भरले. जाधव काकांनी त्याच वेळी चलानच्या मागे ‘३० नग कमी’ असे लिहून ड्रायव्हरची सही घेतली होती. तो कागद आज आपल्या हातात आहे तो त्यांच्यामुळेच. पुढे चार महिने समोरून ‘सगळा माल दिला’ एवढेच उत्तर येत होते. मी चलानच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवल्यावर ३० जूनला त्यांनी फोनवर मान्य केले की ३० नग त्यांच्याच आवारात आहेत: १८ नगांवर प्लेटिंगला फोड आले आहेत आणि १२ नगांचे काम अजून झालेले नाही. हे मान्य केल्याचे त्यांनी अजून लेखी दिलेले नाही.

जॉबवर्कला पाठवलेला माल एक वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटीच्या दृष्टीने तो पाठवलेल्या दिवशीच विकला असे धरले जाते आणि त्यावर कर व्याजासह भरावा लागतो. आपली मुदत १८ ऑगस्टला संपते. तोपर्यंत थांबायचे नाही. नग ३१ जुलैपर्यंत गेटच्या आत आले पाहिजेत.

स्नेहल, तू ८ जुलैला त्यांच्याकडून ३० नगांची कबुली मेलवर मागून घे. काका, तुम्ही पुढच्या आठवड्यात गाडी पाठवून फोड आलेले १८ नग आहेत त्या अवस्थेत परत आणावेत, अशी विनंती आहे. ते भंगारात टाकायचे की पुन्हा प्लेटिंगला द्यायचे, हे सर नंतर ठरवतील. आधी ते मूळ चलानच्या नंबरवर परत आल्याची नोंद व्हायला हवी. उरलेल्या १२ नगांसाठी त्यांनी २५ जुलैची तारीख दिली आहे. त्या दिवशी माल आला नाही, तर २६ तारखेला सरांनी स्वतः फोन करायचा आहे. सरांना हे सांगितले आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. पुन्हा प्लेटिंगला द्यायचे ठरले, तर नवे चलान करायचे. जुन्यावर खाडाखोड नको.

एप्रिल ते सप्टेंबरच्या जॉबवर्कचे ITC-04 रिटर्न २५ ऑक्टोबरपर्यंत भरायचे आहे. चलान रजिस्टर जूनअखेरपर्यंत लिहून पूर्ण केले आहे, पुढच्या नोंदी तुला करायच्या आहेत.

जीएसटी

जूनची विक्रीबिले टॅलीत आहेत आणि ई-इनव्हॉइसशी जुळवली आहेत. GSTR-1 शुक्रवारी, ११ जुलैला जायला हवे. त्याच्या आदल्या दिवशी सीए ऑफिसला फाइल पाठव. GSTR-2B १४ तारखेला तयार होईल. त्यात एकच बिल मुद्दाम शोधायचे आहे: लोखंडी बार पुरवणाऱ्याचे मे महिन्यातले ८४,९६० रुपयांचे, ज्यात १२,९६० रुपये कर आहे. मागच्या वेळी ते दिसले नाही, कारण त्याने रिटर्न भरलेले नव्हते. आता भरतो म्हणाला आहे. बिल दिसले तर कराची वजावट घ्यायची, दिसले नाही तर या महिन्यातही घ्यायची नाही आणि त्याच्या पुढच्या पेमेंटमधून १२,९६० रुपये थांबवायचे. हे त्याला मी मेलवर कळवले आहे, त्या मेलची प्रत तुला पाठवली आहे.

GSTR-3B ची तारीख २० जुलै आहे. तो रविवार आहे, म्हणून शुक्रवारी, १८ तारखेला काम संपव. ओटीपी ऑफिसच्या मोबाइलवर येतो. तो मोबाइल आणि चार्जर उद्या तुझ्याकडे देते.

पीएफ, ईएसआयसी आणि इतर

जूनचे पीएफ आणि ईएसआयसी १५ जुलैपर्यंत भरायचे आहे. दोन्हीच्या फाइली तयार केल्या आहेत. कामगार कल्याण निधीचीही तारीख १५ जुलैच आहे. ४२ जणांच्या जूनच्या पगारातून प्रत्येकी २५ रुपये कापले आहेत, कंपनीचे प्रत्येकी ७५ रुपये धरून एकूण ४,२०० रुपये भरायचे आहेत. हा निधी सहा महिन्यांतून एकदाच असतो आणि म्हणूनच नजरेतून सुटतो. डिसेंबरची कपात तुला करायची आहे.

गणेश, सीएनसी ऑपरेटर: १ जूनपासून त्याचा पगार २०,४०० वरून २१,९०० झाला आहे. २१,००० ची मर्यादा ओलांडली म्हणून त्याचे ईएसआयसी लगेच बंद करायचे नाही. ते सप्टेंबरच्या पगारापर्यंत पूर्ण पगारावर कापायचे आणि ऑक्टोबरपासून थांबवायचे. त्याच्या आईवर सध्या ईएसआयसीच्या दवाखान्यात उपचार चालू आहेत, त्यामुळे इथे गडबड होता कामा नये. ऑक्टोबरनंतर काय करायचे हे त्याला आधीच कळावे, म्हणून ऑगस्टमध्ये त्याच्याशी बोल. मेडिक्लेमचा पर्याय सरांपुढे ठेवला आहे, निर्णय बाकी आहे.

दोन नव्या मुलांचे यूएएन अजून तयार झालेले नाहीत. दोघांच्याही आधारवरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नव्हती. एकाने आधार दुरुस्त करून आणले आहे; त्याचे यूएएन उद्या मी तयार करते. दुसऱ्याची दुरुस्ती व्हायची आहे. त्याला आधार केंद्रात जाण्यासाठी अर्धा दिवस पगारी सुट्टी देण्याचे सरांनी मान्य केले आहे.

पुढच्या तारखा

पहिल्या तिमाहीचे टीडीएस रिटर्न ३१ जुलैपर्यंत जायचे आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांपैकी दोघांनी या वर्षीचे, दहा किंवा त्याहून कमी गाड्या असल्याचे घोषणापत्र दिलेले नाही. ते मिळेपर्यंत त्यांच्या बिलातून टीडीएस कापायचा.

सरांची डिजिटल सही २२ ऑगस्टला संपते. नूतनीकरण १० ऑगस्टपर्यंत करून घ्यायचे आहे. २७ ऑगस्टला गणपती आहेत आणि त्या आठवड्यात कोणी जागेवर सापडत नाही.

बोनस दिवाळीआधी द्यायचा आहे. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे. २०२४-२५ ची हजेरी काढून यादी केली आहे. दर किती द्यायचा ते सर ३० सप्टेंबरपर्यंत सांगतील, ८.३३ टक्क्यांपेक्षा कमी देता येत नाही. वर्षाच्या मधेच नोकरी सोडून गेलेले तिघेही यादीत आहेत. त्यांनी तीसहून अधिक दिवस काम केले आहे आणि त्यांचा हक्क आहे, त्यांची नावे काढू नकोस. तिघांचे फोन नंबर यादीतच आहेत.

पासवर्ड या मेलमध्ये दिलेले नाहीत. ते सीलबंद पाकिटात सरांच्या कपाटात आहेत. सोमवारी ते उघडून बँक, जीएसटी आणि पीएफ या तिन्हींचे पासवर्ड बदलून घे. पेटी कॅश उद्या संध्याकाळी पाच वाजता आपण दोघी मोजू आणि व्हाउचरसह वहीत सही करू.

मी माहेरी सिन्नरला असेन. १५ जुलैपर्यंत सकाळी ११ ते १२ मध्ये फोन कर, नक्की उचलेन. डॉक्टरांनी ऑगस्टचा पहिला आठवडा सांगितला आहे, त्यामुळे त्यानंतर प्रश्न सीए ऑफिसला किंवा सरांना विचार. सप्टेंबर आणि मार्चअखेरच्या कामाच्या वेळी तू सगळे हिशेब माझ्याबरोबर जुळवले आहेस, यातले बहुतेक काम तुझ्या हातचे आहे.

उद्या, शुक्रवारी, दुपारी ३ वाजता बसून ही यादी ओळीने तपासू. त्याआधी जे वाक्य स्पष्ट वाटत नसेल, त्याखाली प्रश्न लिहून हीच मेल मला परत पाठव. काका, ३० नगांच्या मुद्द्यापुरते तुम्हीही दहा मिनिटे यावे.

तुझी,
मनीषा
अकाउंट्स आणि पगार विभाग