1,146 पुस्तकं, 41 हात आणि न सापडलेला खुनी

वार्षिक सर्वसाधारण सभा, 24 ऑगस्ट 2025 : सभेला न आलेल्यांसाठी (आणि येऊन लवकर उठलेल्यांसाठी)

आधी इतिवृत्तात काय नोंदलं आहे ते जसंच्या तसं :

"विषय क्र. 4 : जीर्ण ग्रंथांचे निर्लेखन व अनुषंगिक बाबी. मा. कार्यवाह यांनी सभेच्या निदर्शनास आणून दिले की, सन 2024-25 च्या साठा-पडताळणीअंती एकूण 18,460 ग्रंथांपैकी 1,146 ग्रंथ जीर्ण, वाळवीग्रस्त, कालबाह्य अथवा पृष्ठे गहाळ झालेल्या अवस्थेत आढळून आले असून 63 ग्रंथ सभासदांकडे दीर्घकाळ प्रलंबित आहेत. सदर विषयी सविस्तर चर्चा झाली. चर्चेअंती असे ठरले की, त्रिसदस्यीय छाननी समिती गठित करून तिच्या शिफारशीनुसार व जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाच्या मंजुरीस अधीन राहून निर्लेखनाची कार्यवाही करण्यात यावी. दुर्मीळ व स्थानिक महत्त्वाचे ग्रंथ वगळण्यात यावेत. प्रलंबित ग्रंथांच्या परतीसाठी दि. 1 ते 30 सप्टेंबर या कालावधीत विलंबशुल्क माफ करण्यात यावे. तसेच दिवाळी अंक योजनेची वर्गणी रु. 400 वरून रु. 500 करण्यात यावी. ठराव बहुमताने मंजूर (बाजूने 41, विरोधात 6, तटस्थ 3)."

आता प्रत्यक्षात काय झालं ते.

सभेची वेळ चारची. चार वाजता सभागृहात अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथपाल मॅडम आणि चहावाला. गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा सुरू, हा आपला वार्षिक सोहळा यंदाही यथासांग पार पडला. गणपती तीन दिवसांवर आलेले, त्यामुळे बहुतेक मंडळी "तासाभरात उरकेल ना?" असं विचारतच आत आली. पहिले तीन विषय (मागील इतिवृत्त, जमाखर्च, हिशेबतपासनीसांची नेमणूक) वीस मिनिटांत उरकलेही. चौथ्या विषयाला गाडी जी अडली ती दीड तास.

कारण ग्रंथपाल मॅडम नुसता आकडा घेऊन आल्या नव्हत्या, पुस्तकं घेऊन आल्या होत्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर एकेक नमुना ठेवला. पहिलं पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटातलं. बाहेरून धडधाकट, पुठ्ठ्यावर नाव स्वच्छ. उघडलं तर आत पानं नाहीतच, वाळवीने पोखरलेली जाळी. बांधणीपासून पार कडेपर्यंत वाट काढलेली. अध्यक्षांनी ते कौतुकाने हातात घेतलं आणि अर्धं पुस्तक भुकटी होऊन त्यांच्या झब्ब्यावर सांडलं. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते हे सगळ्यांना माहीत आहे. त्या ओलीचं पुढे काय होतं ते यंदा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

दुसरं स्पर्धा परीक्षेचं सामान्यज्ञान. त्यात भारतात राज्यं 25. म्हणजे छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड यांचा जन्मच व्हायचाय, तेलंगण तर दूरच. आपल्या अभ्यासिकेत रोज सकाळी पोरं येऊन बसतात, त्यातल्या एखाद्याने हे पुस्तक भक्तिभावाने पाठ केलं तर पाप कुणाच्या माथी, असा मॅडमचा सवाल. त्यावर कुणी काही बोललं नाही.

तिसरी रहस्यकथा, शेवटची सोळा पानं गायब. हे पुस्तक टेबलावर आलं तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "अहो, हे मी वाचलंय! खुनी कोण ते मला अजून माहीत नाही." मागून आवाज आला, "मलाही नाही." हात वर करायला सांगितले तर पाच जण निघाले. म्हणजे इतकी वर्षं हे पुस्तक बिनबोभाट फिरत होतं आणि एकाही सभासदाने परत करताना तक्रार केली नाही. (कुणाकडे याच कादंबरीची धडकी प्रत असेल तर काउंटरवर सांगा. पाच जणांची सोय होईल.)

इथपर्यंत हशा होता. मग मॅडम म्हणाल्या की डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्येच ग्रंथालयाचे पाच नियम सांगून ठेवलेत आणि त्यातला पहिला नियम आहे, पुस्तकं वापरासाठी असतात. जी वापरता येत नाहीत त्यांनी कपाटं अडवायची आणि नव्या पुस्तकांनी जमिनीवर गठ्ठ्यात पडून राहायचं, हे कुठवर चालवायचं?

मॅडम खाली बसतात न बसतात तोच आपले एक ज्येष्ठ आजीव सभासद, हायस्कुलातून निवृत्त झालेले सर, उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, पहिला नियम सांगितलात, आता तिसराही सांगा." आणि स्वतःच सांगितला : प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असतो. तो आज आला नाही म्हणून उद्या येणारच नाही, हे ठरवणारे आपण कोण? सरांनी सोबत एक पातळसं पुस्तक आणलं होतं. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्के तीनच : दोन 1987 चे, एक 1991 चा. यादीत ते 'वापर नाही' या रकान्यात गेलेलं. सरांनी उघडून दाखवलं तेव्हा कळलं की ती आपल्याच गावातल्या शाळेची 1961 सालची स्मरणिका आहे. त्यात गावचा जुना बाजार, नदीवरचा लाकडी साकव आणि त्या काळच्या शिक्षकांचा ग्रुप फोटो. सभेतल्या एका आजींना त्यात आपले वडील सापडले. मग अर्धी सभा उठून टेबलाभोवती. अध्यक्षांनी दोनदा घंटा वाजवली, तिसऱ्यांदा नाद सोडला.

वाद रंगला तो इथून पुढे. एक बाजू म्हणत होती, सगळं पुन्हा बांधून घ्या. कार्यवाहांनी कागदावरच हिशेब मांडला : एका पुस्तकाच्या बांधणीला 120 रुपये धरले तरी 1,146 पुस्तकांचे 1,37,520 होतात. सरासरी तीनशे रुपयांचं एक म्हटलं तर तेवढ्यात साडेचारशेच्या वर नवी पुस्तकं येतात. शिवाय पानंच खाल्लेल्या पुस्तकाला बांधणी करून काय, पुठ्ठा वाचायचा? दुसरी बाजू म्हणत होती, सगळी रद्दी एकदाची काढा. त्यावर सरांचा एकच प्रश्न : "रद्दीवाल्याकडे स्मरणिका गेली असती तर?" प्रश्न बिनतोड होता आणि खरं सांगायचं तर त्यानेच ठरावाला आकार आला.

स्कॅन करून ठेवण्याची सूचना एका कॉलेजच्या विद्यार्थिनीने मांडली. कॉपीराइटचं काय, अशी शंका लगेच निघाली. तिचं उत्तर तयार होतं : आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे जे लेखक 1964 पर्यंत गेले त्यांचं हयातीत छापलेलं लेखन 2025 च्या 1 जानेवारीला खुलं झालेलं आहे. हरी नारायण आपटे 1919 मध्ये गेले, साने गुरुजी 1950 मध्ये. त्यांच्या जुन्या आवृत्त्या बिनधास्त स्कॅन करता येतील. नंतर कुणी लिहिलेल्या प्रस्तावना तेवढ्या सोडायच्या. ठरावात हे आलेलं नाही, पण समितीने विचार करावा असं अध्यक्षांनी सांगितलं.

आणि समितीत कोण? ग्रंथपाल मॅडम, ही विद्यार्थिनी आणि विरोधात हात वर करणारे सर! अध्यक्षांची ही खेळी आम्हाला फार आवडली. सरांनी आढेवेढे घेतले, मग अट घातली : 1960 पूर्वीचं प्रत्येक पुस्तक स्वतः उघडून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. मान्य. मतदान झालं, 41 विरुद्ध 6, तिघे तटस्थ. सरांनी समितीत बसायचं कबूल केलं, पण मत काही बदललं नाही. सहामध्ये ते आहेतच.

तेव्हा घाबरू नका. मंजुरी येईपर्यंत एकही पुस्तक दाराबाहेर जाणार नाही. यादी 15 सप्टेंबरपासून सूचनाफलकाशेजारी लावली जाईल. त्यातलं एखादं ठेवावं असं वाटलं तर नावापुढे खूण करा आणि का ते एका ओळीत लिहा. 'माझ्या आवडीचं आहे' हेही कारण चालेल, फक्त मग ते घरी नेऊन वाचा तरी.

आता त्या 63 पुस्तकांबद्दल. नावं जाहीर करा, असा एक आग्रह होता; कार्यकारी मंडळाने तो मनावर घेतला नाही आणि बरंच झालं, कारण यादीत कार्यकारी मंडळातलेही दोघे आहेत असं कळतं. सगळ्यात जुनं पुस्तक 2009 पासून बाहेर आहे. दिवसाला एक रुपया दंड लावला तर पाच हजारांच्या वर जातो, पुस्तकाची किंमत नव्वद. म्हणून सप्टेंबरभर माफी. समोरासमोर यायचा संकोच वाटत असेल तर फाटकाच्या आत पत्र्याची पेटी ठेवली आहे, रात्री टाका, कुणी विचारणार नाही. स्थलांतर केलेल्यांनी टपालाने पाठवलं तरी चालेल. माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत, लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या कपाटात एकदा बघाच. आपला गोल जांभळा शिक्का सतराव्या पानावर असतो.

दिवाळी अंकांची वर्गणी शंभराने वाढली यावर फारशी कुरकुर झाली नाही. अंकांच्या किमती सगळ्यांना माहीत आहेत. दोन अंक विकत घेतले की पाचशेची नोट मोडली. पद्धत नेहमीचीच : एका वेळी दोन अंक, आठ दिवसांत परत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही चैन आहे, तिला खंड नको. नावं 10 ऑक्टोबरपर्यंत द्या, कारण यंदा दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आहे. शब्दकोडी पेनाने सोडवू नयेत ही विनंती दरवर्षी करतो, याही वर्षी करतो.

छाननीचं काम अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, रविवार 7 सप्टेंबरला सकाळी दहा वाजता सुरू होईल. तीन माणसांना 1,146 पुस्तकं उघडून बघणं शक्य नाही, मदतीला माणसं हवीत. येताना तोंडाला बांधायला रुमाल आणि पुसायला जुनं सुती फडकं आणा. धुळीची ॲलर्जी असेल तर नोंदवही लिहायला बसा. चहा आणि बटाटेवडे वाचनालयातर्फे.