शहापुरी साड्यांच्या संकेतस्थळाच्या कामाचा करारनामा (मूळ इंग्रजी कराराचे मराठी भाषांतर)

भाषांतरकाराचे निवेदन

मूळ करार इंग्रजीत असून त्यावर ९ जून २०२५ रोजी बेळगावात सह्या झाल्या. दोन्ही बाजूंची घरची आणि व्यवहाराची भाषा मराठी आहे. पैसे, मालकी आणि करार संपवणे या तीन बाबी आपल्याला नीट कळलेल्या नाहीत, असे दोघांनीही सांगितल्यावरून हे भाषांतर केले आहे. मूळात नसलेला एकही हक्क मी यात घातलेला नाही आणि असलेला गाळलेला नाही. इंग्रजी शब्दाला मराठीत दोन अर्थ फुटू शकतात तेथे कलमाखाली ‘खुलासा’ जोडला आहे. सगळे खुलासे दोघांना वाचून दाखवले असून दोघांनी ते कराराचा भाग म्हणून मान्य केले आहेत. ‘करावे लागेल’ म्हणजे बंधन आणि ‘करता येईल’ म्हणजे मुभा, हा भेद मी प्रत्येक वाक्यात कसोशीने पाळला आहे.

१. पक्ष

लिहून घेणार: शहापूर, बेळगाव येथील साड्यांची भागीदारी पेढी (यापुढे ‘पेढी’). लिहून देणार: चंदगड तालुक्यात राहून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनर (यापुढे ‘डिझायनर’). दोघांची पूर्ण नावे व पत्ते मूळ कराराच्या पहिल्या पानावर आहेत, तेच येथे समजावेत. डिझायनर पेढीच्या नोकर नाहीत. कामाच्या वेळा त्या स्वतः ठरवतील आणि इतरांची कामेही त्यांना घेता येतील.

२. काम

(अ) संकेतस्थळाचा आराखडा व डिझाईन. (आ) ६० साड्यांची आणि वडगाव व खासबाग येथील मागांवरच्या विणकामाची छायाचित्रे, तसेच १२ पानांचा मजकूर मराठी, कन्नड व इंग्रजीत. (इ) संकेतस्थळ बांधून सुरू करून देणे.

कन्नड मजकूर डिझायनर लिहवून घेतील. त्यातील साड्यांची व विणीची नावे पेढी तपासून देईल. मागावर बसलेल्या विणकरांचे छायाचित्र घेण्याआधी त्यांची लेखी संमती, त्यांना वाचता येईल त्या भाषेत, पेढीला घ्यावी लागेल. संमती नसलेले छायाचित्र कामात धरले जाणार नाही.

प्रत्येक टप्प्यात दोन वेळा दुरुस्त्या करून देणे ठरलेल्या रकमेत आहे. तिसऱ्या वेळेपासून वेगळे पैसे पडतील. ते किती, हे दुरुस्ती हाती घेण्याआधी लेखी ठरेल.

३. मोबदला व टप्पे

एकूण मोबदला ₹१,२०,००० असून कामाची किंमत अशी धरली आहे: डिझाईन ₹४०,०००, छायाचित्रे व मजकूर ₹४८,०००, संकेतस्थळ सुरू करणे ₹३२,०००. सही झाल्यावर पेढी ₹३०,००० आगाऊ देईल. ही रक्कम प्रत्येक टप्प्याच्या किमतीतून चौथा हिस्सा या प्रमाणात वळती होईल. म्हणून डिझाईन मंजूर झाल्यावर ₹३०,०००, छायाचित्रे व मजकूर मंजूर झाल्यावर ₹३६,००० आणि संकेतस्थळ सुरू झाल्यावर ₹२४,००० द्यावे लागतील. संकेतस्थळ ११ ऑगस्ट २०२५ पर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी, सुरू करून द्यावे लागेल.

खुलासा: ‘आगाऊ’ म्हणजे इसार नव्हे. जमिनीच्या व्यवहारात घेणाऱ्याने पाय मागे घेतला तर इसार बुडतो, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मूळ शब्दाचा अर्थ तो नाही. ही रक्कम पुढच्या कामापोटी आधी दिलेली आहे आणि तिचा हिशेब कलम ७ प्रमाणेच होईल. पहिल्या कच्च्या मसुद्यात मीच ‘इसार’ लिहिले होते. पेढीच्या थोरल्या भागीदारांनी ‘मग मी थांबलो तर पैसे गेलेच ना?’ असे विचारले, तेव्हा चूक ध्यानात आली आणि शब्द बदलला.

४. मंजुरी आणि पैसे देण्याची मुदत

टप्प्याचे काम हाती आल्यापासून ७ कामाच्या दिवसांत पेढीला ‘मंजूर’ किंवा ‘या दुरुस्त्या हव्यात’ असे ईमेलने कळवावे लागेल. काहीच कळवले नाही, तर आठव्या कामाच्या दिवशी काम मंजूर झाले असे धरले जाईल. काम पोचले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते. रविवार व कर्नाटक सरकारच्या सार्वजनिक सुट्ट्या सोडून उरलेला दिवस तो कामाचा दिवस. डिझायनर महाराष्ट्रात राहत असल्या तरी सुट्ट्यांची यादी एकच धरावी, असे ठरले आहे.

मंजुरीनंतर बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम द्यावी लागेल. येथे सुट्ट्या वगळायच्या नाहीत. उशीर झाल्यास थकलेल्या रकमेवर दरमहा दीड टक्का सरळ व्याज द्यावे लागेल. सूक्ष्म व लघु उद्योगांना थकबाकीबाबत २००६ च्या कायद्याने मिळणारे संरक्षण डिझायनरना लागू होत असेल, तर या कलमामुळे ते कमी होणार नाही. कायद्याने कापावा लागणारा टीडीएस पेढी कापेल व त्याचे प्रमाणपत्र देईल. डिझायनरची जीएसटी नोंदणी नसल्याने बिलात तो कर येणार नाही.

खुलासा: या करारात ‘पैसे दिले’ म्हणजे रक्कम डिझायनरच्या बँक खात्यात जमा झाली. चेक हातात ठेवणे किंवा ‘पाठवलेत’ असा निरोप देणे म्हणजे पैसे देणे नव्हे. पुढच्या कलमातली मालकी याच अर्थावर उभी आहे.

५. कामाची मालकी

टप्प्याचे पूर्ण पैसे दिले गेल्यावर त्या टप्प्यातील डिझाईन, मजकूर व छायाचित्रे यांचे सर्व कॉपीराइट डिझायनरकडून पेढीकडे हस्तांतरित होतील. हे हस्तांतर जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आहे. पेढीने एखादा हक्क वर्षभर वापरला नाही, तरी तो डिझायनरकडे परत जाणार नाही. पूर्ण पैसे येईपर्यंत पेढीला फायली फक्त पाहून तपासता येतील. त्या छापता किंवा प्रसिद्ध करता येणार नाहीत.

डिझायनरने आधीपासून वापरात ठेवलेली साधने, साचे व विकत घेतलेले फॉन्ट यांची मालकी बदलत नाही. संकेतस्थळ चालवण्यापुरता त्यांचा वापर करण्याची कायमची परवानगी पेढीला मिळते. ती काढून घेता येणार नाही. न निवडलेली कच्ची डिझाईन डिझायनरचीच राहतील.

खुलासा: ‘फायली दिल्या’ आणि ‘हक्क दिला’ हे आपण बोलताना एकाच ‘दिले’ने सांगतो. या करारात फायली देण्याला ‘सुपूर्द करणे’ आणि मालकी देण्याला ‘हस्तांतर’ म्हटले आहे. पेनड्राइव्ह सुपूर्द झाला म्हणून मालकी गेली असे होत नाही.

इंग्रजी मसुद्यात आधी ‘वर्क मेड फॉर हायर’, म्हणजे काम करवून घेणाराच पहिल्यापासून त्याचा मालक, हे अमेरिकी कायद्यातले शब्द होते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा नोकरी देणारा असतो, पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने केलेले डिझाईन व मजकूर त्याचेच असतात. ते पेढीला मिळावेत यासाठी सहीनिशी लेखी हस्तांतर लागते, म्हणून ते शब्द दोन्ही प्रतींतून काढले. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच हस्तांतर धरतो, म्हणून दोन्ही स्पष्ट लिहिले आहेत. पैसे घेऊन काढून दिलेल्या छायाचित्रांबाबत मात्र कायद्याचा मूळ नियम उलटा आहे. वेगळे काही ठरले नसेल तर ती काढून घेणाऱ्याची होतात. येथे वेगळे ठरले आहे: पूर्ण पैसे देईपर्यंत छायाचित्रेही डिझायनरचीच.

६. नाव आणि नमुना

संकेतस्थळाच्या तळाशी डिझायनरचे नाव राहील. आपल्या कामाचा नमुना म्हणून संकेतस्थळाची चित्रे दाखवणे डिझायनरना करता येईल, मात्र ते सुरू झाल्यानंतरच. मालकी गेली तरी आपण कर्ते आहोत असे सांगण्याचा आणि आपली अप्रतिष्ठा होईल अशी कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा कायद्याने दिलेला हक्क डिझायनरकडे राहतो. पेढीचे दर, विणकरांना दिली जाणारी मजुरी व गिऱ्हाइकांची यादी डिझायनर कोणाला सांगणार नाहीत. करार संपल्यावरही हे बंधन ३ वर्षे राहील.

७. करार संपवणे

(अ) कारण न देता: कोणत्याही बाजूला १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल.

(आ) कसूर झाल्यास: एका बाजूने करारातील महत्त्वाची अट मोडली, तर दुसऱ्या बाजूने मोडणाऱ्या बाजूला तसे लेखी कळवावे लागेल. १० दिवसांत चूक सुधारली नाही, तर अकराव्या दिवशी करार संपवता येईल. १५ दिवसांहून जास्त थकबाकी आणि विनाकारण ३० दिवसांचा उशीर या दोन गोष्टी महत्त्वाची अट मोडल्यासारख्या धरल्या जातील.

(इ) हिशेब: करार कोणीही संपवला तरी झालेल्या कामाची किंमत कलम ३ प्रमाणे काढावी लागेल. टप्पा अर्धवट असेल तर झालेल्या भागाच्या प्रमाणात किंमत धरली जाईल. जमा रक्कम तिच्याहून कमी असेल तर फरक पेढी देईल, जास्त असेल तर डिझायनर परत करतील. पेढीने (अ) प्रमाणे करार संपवला किंवा पेढीच्या कसुरीमुळे तो संपला, तर न झालेल्या कामाच्या किमतीच्या १० टक्के रक्कम पेढीला आणखी द्यावी लागेल. इतर बाबतीत ती लागू नाही. ज्या भागाचे पूर्ण पैसे दिले गेले त्याची मालकी पेढीची, उरलेल्याची डिझायनरची.

दृष्टांत: डिझाईन मंजूर झाले आणि ३० साड्यांच्या छायाचित्रांसह दुसरे काम निम्मे झाले असताना पेढीने थांबायचे ठरवले. झालेले काम ₹४०,००० अधिक ₹२४,०००, म्हणजे ₹६४,०००. आगाऊ धरून जमा ₹६०,०००. फरक ₹४,०००. न झालेले काम ₹५६,०००, त्याचे १० टक्के ₹५,६००. पेढीने ₹९,६०० द्यायचे. त्याच वेळी डिझायनरनी आपणहून काम सोडले असते, तर त्यांना ₹४,००० एवढेच मिळाले असते. कामाला हातही लागण्याआधी पेढीने करार संपवला, तर डिझायनर ₹१२,००० ठेवून ₹१८,००० परत करतील.

खुलासा: येथे ‘रद्द’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. ‘करार रद्द’ म्हटले की झालेलेही पुसले गेले, असा अर्थ निघतो. मूळ कराराचा अर्थ ‘येथून पुढे संपला’ एवढाच आहे. त्या दिवसापर्यंतचे पैसे, मालकी, गुप्तता आणि कलम ८ कायम राहतात.

८. वाद आणि भाषा

वाद झाल्यास आधी समोरासमोर बसून बोलावे लागेल. ३० दिवसांत मिटला नाही, तर तो बेळगावच्या न्यायालयात चालेल. त्या वेळी या मराठी मजकुराचे प्रमाणित कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागेल. त्याचा खर्च मजकूर दाखल करणाऱ्या बाजूचा.

कलम ३, ५ व ७ बाबत दोन प्रती जुळल्या नाहीत, तर मराठी प्रत प्रमाण. इतर कलमांबाबत इंग्रजी. इंग्रजी करारात भाषेचे कलम याच अर्थाने दुरुस्त करून त्यावर दोन्ही पक्षांनी सह्या केल्या आहेत. त्यापुढचा कोणताही बदल दोघांच्या सहीच्या लेखी कागदानेच होईल. व्हॉट्सॲपवर ‘ठीक आहे’ म्हटल्याने करार बदलणार नाही.

हा मजकूर १६ जून २०२५ रोजी पेढीच्या गादीवर दोन साक्षीदारांसमोर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला गेला. दृष्टांतातले आकडे दोघांनी आपापल्या हाताने मांडून पाहिले आणि ते जुळल्यावर प्रत्येक पानावर सह्या केल्या. एक प्रत पेढीकडे आणि एक डिझायनरकडे आहे.