प्रेरणात्मक संवाद: दारूचं व्यसन, सत्र २

विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत उपदेश नाही. बदलाचं कारण रुग्णाच्याच तोंडून यायला हवं.

भूमिका-सराव (१० मिनिटं). रुग्ण रिक्षाचालक, बायकोने आणलेला.

रुग्ण: रोज एक क्वार्टर घेतो, पण धंदा बुडवत नाही.
समुपदेशक: धंदा सांभाळता, दादा. मग खटकतं काय?
रुग्ण: सकाळी हँडल धरताना हात थरथरतात.
समुपदेशक: त्याची धास्ती वाटते. सोडणं किती महत्त्वाचं, दहापैकी?
रुग्ण: चार.
समुपदेशक: दोन का नाही?
रुग्ण: मागे पोरगी बसते हो, शाळेला जाताना.

इथे गप्प राहा. हेच सर्वांत अवघड.

थरथर असेल तर दारू एकदम बंद करायला सांगू नका, आधी डॉक्टर.

निरीक्षकासाठी
☐ प्रश्न खुले होते?
☐ रुग्णाचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडलं?
☐ सल्ल्याआधी परवानगी घेतली?
☐ बदलाचं वाक्य जसंच्या तसं टिपलं?