पावसाळी सूचना : पाणी साचल्यास घ्यावयाची काळजी, विजेचा धोका आणि आपत्कालीन संपर्क

प्रति,
सर्व सभासद, भाडेकरू व तळमजल्यावरील दुकानदार
ए, बी व सी विंग, नौपाडा, ठाणे (प.)

आपली इमारत सखल भागात आहे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्याचे पाणी खाडीत उतरत नाही, उलट रस्त्यावर आणि तिथून आपल्या आवारात येते. भरती ओसरायला साधारण सहा तास जातात, त्यामुळे पाऊस थांबला तरी पाणी लगेच हटेल असे धरून चालू नका. गेल्या जुलैत बी विंगच्या स्टिल्टमध्ये स्कूटरच्या फूटबोर्डापर्यंत पाणी होते. तेव्हा एक मुलगा सायकल आणायला दिव्याच्या खांबाकडे निघाला होता. त्या खांबाच्या बुडाशी जोडणीच्या डबीचे झाकण निघालेले होते आणि आतल्या वायरी पाण्याला टेकल्या होत्या. वॉचमनने आरडाओरडा करून त्याला मागे बोलावले. खांब आता दुरुस्त केला आहे, पण पाण्यात उतरलेला करंट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ही सूचना घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना आणि कामाला येणाऱ्या ताई-मावशींना वाचून दाखवा.

आवारात पाणी शिरू लागल्यास

पाणी गेटच्या रॅम्पवर चढले की वॉचमन तीन लांब शिट्ट्या देईल आणि इंटरकॉमवर सर्वांना कळवेल. त्यानंतर दोन्ही लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नेऊन बंद केल्या जातील. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी असताना लिफ्ट चालवणे धोक्याचे आहे, तेव्हा "फक्त एकदा खाली सोड" असा आग्रह वॉचमनकडे धरू नका. कोणी लिफ्टमध्ये अडकलेच तर दरवाजा ओढू नका, बेल वाजवून थांबा.

शिट्टी झाल्यावर मुलांनी खाली यायचे नाही. गाड्या हलवायच्या असतील तर त्या शिट्टीआधी, पाऊस वाढतोय असे दिसतानाच हलवा. गाडीच्या सायलेन्सरपर्यंत पाणी गेले असेल तर ती चालू करून पाहू नका, इंजिनात पाणी ओढले जाते. पाण्यात बुडालेली इलेक्ट्रिक स्कूटर मेकॅनिकने तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. स्टिल्टमधले चार्जिंग पॉइंट शिट्टीबरोबर बंद होतील.

रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल तर बाहेर पडणे टाळा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतल्या एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला, तेही घराकडे चालत जाताना. पाणी जावे म्हणून कुणीही मॅनहोलचे झाकण काढू नये. उघडे झाकण दिसले तर तिथे अडथळा उभा करा आणि महापालिकेला कळवा. बाहेर पडावेच लागले तर हातात काठी ठेवा, पुढची जमीन चाचपत चाला, विजेचे खांब, डीपी आणि दुकानांच्या लोखंडी शटरपासून लांबून जा.

वीज : सर्वांत महत्त्वाचे

मीटर रूमचा उंबरठा जेमतेम एक वीट उंच आहे. पाणी तिथवर येण्याआधी सोसायटीचा इलेक्ट्रिशियन कोरड्या जमिनीवर उभा राहून मेन स्विच बंद करेल. पाणी आत गेल्यावर मात्र त्या खोलीत सभासद, वॉचमन किंवा खुद्द इलेक्ट्रिशियन, कोणीच जाणार नाही. मेन स्विच खाली केला तरी महावितरणची येणारी केबल चालूच असते. ती बंद करणे महावितरणच्या कर्मचाऱ्यांचे काम आहे, आणि त्यासाठी समिती लगेच १९१२ वर कळवेल. तेव्हा "आमच्या विंगला पाणी नाही, आमची लाइट चालू करा" असे सांगायला खाली येऊ नका. पाणी ओसरल्यावर मीटर रूम कोरडी करून, तपासणी झाल्यावरच वीज सुरू होईल. याला अर्धा दिवसही लागू शकतो. गैरसोय होईल, पण यात घाई करणार नाही.

तळमजल्याच्या ००१ ते ००४ फ्लॅटधारकांनी आणि दुकानदारांनी पाणी दारात येताच, घर कोरडे असतानाच आपला मेन बंद करावा. भिंतीत खाली असलेले प्लग पॉइंट आधी बुडतात. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरून उचलून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरमधून घरात वीज येतच राहते. घरात पाणी शिरले असेल तर पाण्यात उभे राहून किंवा ओल्या हाताने स्विचला हात लावू नका, वरच्या मजल्यावर निघून या. भिजलेला फ्रिज, मोटर किंवा मिक्सर नुसता वाळला म्हणून लावू नका.

ज्यांच्याकडे ईएलसीबी, म्हणजे करंट गळू लागताच आपोआप वीज तोडणारा स्विच आहे त्यांनी या आठवड्यात त्यावरचे टेस्ट बटण दाबून पाहावे. स्विच पडला नाही तर तो बदलायला हवा. खिडकीच्या ग्रिलला गुंडाळलेल्या टीव्हीच्या आणि शोभेच्या दिव्यांच्या वायरी काढून टाका.

कोणाला शॉक लागला तर त्या व्यक्तीला हात लावू नका. आधी वीज तोडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तिला वायरपासून दूर करा आणि १०८ ला फोन करा. ती व्यक्ती पाण्यात पडलेली असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्या पाण्यात पाय घालू नका. हे पाळणे फार कठीण जाते, पण धावत गेलेला माणूसही त्याच करंटमध्ये सापडतो.

पाणी, गॅस, औषधे

वीज नसली की पंप चालणार नाही. पिण्याचे पाणी एक दिवसाचे भरून ठेवा आणि गच्चीच्या टाकीतले जपून वापरा. जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी मिसळले तर ती धुऊन होईपर्यंत तिचे पाणी वर चढवले जाणार नाही. शंका असल्यास पाणी उकळूनच प्या.

गॅसचा वास आला तर पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचे कोणतेही बटण दाबू नका.

साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर पाय साबणाने धुवा. पायाला जखम असेल तर लेप्टोचा धोका असतो, अशांनी ताप येण्याची वाट न पाहता तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटावे.

घरात ऑक्सिजन मशीन, नेब्युलायझर किंवा फ्रिजमध्ये ठेवायची इन्सुलिन असेल, अथवा आजी-आजोबा एकटे राहत असतील, तर फ्लॅट क्रमांक आजच ऑफिसमध्ये नोंदवा. बत्ती गेल्यावर समितीचे सभासद आधी त्या घरांची बेल नव्हे, कडी वाजवतील. शेजाऱ्यांनीही तेवढे करावे.

आपत्कालीन संपर्क

पोलीस, कोणतीही तातडीची मदत : ११२
अग्निशमन दल : १०१
रुग्णवाहिका : १०८
ठाणे महापालिका, आपत्ती व्यवस्थापन कक्ष : १८००-२२२-१०८
जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष : १०७७
महावितरण : १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ (बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा)
महानगर गॅस, गळती : १८००-२६६-९९४४

सोसायटीत इंटरकॉमवर : गेट केबिन ९, सोसायटी ऑफिस १०, सचिव ३०२. वीज गेल्यावर इंटरकॉम बंद पडेल, त्यामुळे केबिनचा आणि सचिवांचा मोबाइल क्रमांक नोटीस बोर्डवरून आजच उतरवून घ्या आणि कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. मोबाइल व पॉवर बँक चार्ज करून ठेवा.

गच्चीवरच्या पाइपांची तोंडे आणि आवारातली गटारे गेल्या आठवड्यात साफ केली आहेत. प्लास्टिकच्या पिशव्या, फुले, थर्माकोल पुन्हा त्यात जाऊ देऊ नका. कुठे तुंबलेले दिसले तर केबिनमधल्या वहीत नोंद करा, त्याच दिवशी माणूस पाठवला जाईल.

सचिव
व्यवस्थापक समितीच्या वतीने