ऑफिसला सायकलने चला, रत्नागिरीकर!

मारुती मंदिर परिसरातून ऑफिसला जाऊन-येऊन रोज अर्धा तास सायकल, आठवड्याचे पाच दिवस. झाली 150 मिनिटं! जागतिक आरोग्य संघटना निदान एवढा मध्यम व्यायाम करायला सांगते. चढाला धाप लागत असेल तर पुढची लहान, मागची मोठी चकती लावा. पाय हलके पडतात.

रोज 10 किलोमीटर धरले, तर महिन्याला स्कूटरचं पाचेक लिटर पेट्रोल वाचतं.

आपल्या खाऱ्या हवेत चेन फार लवकर गंजते, त्यात पावसाळ्यातला लाल चिखल. शनिवारी संध्याकाळी सायकल आमच्या दुकानात आणून द्या. चेन घासून तेल, ब्रेकचे रबर, चाकाचा आऊट, सगळं बघून सोमवारी सकाळी साडेआठला तयार. मजुरी 250 रुपये, सुटे भाग वेगळे.