परीक्षेपूर्वी वर्गांतील पंखे व कूलर दुरुस्त करून मिळण्याबाबत

दि. १२ फेब्रुवारी

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय: वरच्या मजल्यावरील वर्गांचे पंखे व कूलर वार्षिक परीक्षेपूर्वी दुरुस्त करून मिळणेबाबत.

महोदया,

वरच्या मजल्यावरचे आपले चारही वर्ग थेट स्लॅबखाली येतात. मार्चपासून दुपारच्या सत्रात तिथे बसवत नाही, आणि वार्षिक परीक्षेचे पेपर नेमके त्याच वेळी आहेत. म्हणून आत्ताच लिहीत आहे.

नववी 'अ'च्या वर्गात चार पंखे आहेत. त्यांतले दोन रेग्युलेटर पाचवर ठेवूनही रेंगाळतात. बहुधा कंडेन्सर गेले असावेत, आणि तसे असेल तर काम किरकोळ आहे. तिसऱ्याचे बेअरिंग इतके वाजते की श्रुतलेखनाच्या वेळी तो बंदच करावा लागतो. खरी काळजी चौथ्याची आहे. सुरू केला की तो दांड्यापासून डोलतो. मुलांनी न सांगताच त्याच्याखालचे दोन बाक भिंतीकडे ओढून घेतले आहेत. हुक, दांडा आणि नटबोल्ट तपासून होईपर्यंत मी तो पंखा लावू देणार नाही. बाकीच्या तीन वर्गांतले बंद पंखे तेथील वर्गशिक्षकांनी दुरुस्ती वहीत नोंदवले आहेत.

कॉरिडॉरमधले दोन्ही कूलर मागच्या उन्हाळ्यापासून तसेच पडून आहेत. एकाचा पंप पाणी चढवत नाही. दुसऱ्याच्या जाळ्यांवर क्षारांचा पांढरा थर बसला आहे, त्यामुळे हवा येते पण गार लागत नाही. जाळ्या बदलून टाक्या घासून घ्याव्यात. लोखंडी बॉडी आणि पाणी एकत्र असल्याने अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय ते सुरू करू नयेत, ही विशेष विनंती. शिवाय ते खिडकीत बसवले आणि समोरचे दार उघडे राहिले तरच उपयोग. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करण्याचे काम शिपाई मामांना नेमून द्यावे, नाहीतर डासांची पैदास होते.

एकदम सगळे शक्य नसल्यास आधी डोलणारा पंखा, मग बाकीचे पंखे आणि शेवटी कूलर घ्यावेत. काम शनिवारी शाळा सुटल्यावर ठेवल्यास तास बुडणार नाहीत. त्या वेळी मी थांबेन. ऊन वाढले की वायरमन मिळणे अवघड होते, म्हणून फेब्रुवारीअखेर काम उरकावे असे वाटते. तोवर काही झाले नाही, तर वरच्या वर्गांची परीक्षेची बैठक व्यवस्था तळमजल्यावरील सभागृहात करण्यास परवानगी द्यावी.

आपली विश्वासू,
वर्गशिक्षिका, इयत्ता नववी 'अ'

प्रत: पर्यवेक्षक, दुपार सत्र